बुश परवडतो की गियर?

एखादी वस्तू बनवायला किती खर्च आला, हा प्रश्न दिसायला फार साधा आहे. माल किती लागला ते मोजा, कारागिराचा वेळ किती गेला ते मोजा, झाले. भाकरी करणाऱ्या बाईला पिठाचा भाव आणि सरपणाचा भाव विचारावा, तसेच हे. पण वर्कशॉपमध्ये पाऊल टाकले की ध्यानात येते, की मालाचा आणि हाताचा खर्च सोडून आणखी पुष्कळ पैसा रोज जात असतो, आणि तो कोणत्याच एका वस्तूच्या नावावर लिहिता येत नाही. वीजबिल, शेडचे भाडे, मशीनची झीज, कूलंट, मिस्त्रीचा पगार, तपासणाऱ्या पोराचा पगार, चालान-बिले, मालासाठी मारलेल्या खेपा. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम हे आपले सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि घरचे होऊन राहिले. या खर्चाला मात्र सर्वांनी मानलेला एक शब्द अजून नाही. पाठ्यपुस्तकात ‘उपरिव्यय’ म्हणतात, कारखान्यात ‘ओव्हरहेड’. मी इथे ‘वरकड खर्च’ म्हणणार आहे.

हा वरकड खर्च वेगवेगळ्या वस्तूंवर कसा वाटायचा, एवढाच आजचा विषय. सगळ्या वस्तू सारख्या असतील तर कसाही वाटला तरी फारसे बिघडत नाही. पण एकाच छपराखाली एक वस्तू हजारांनी आणि दुसरी एकेकटी बनत असेल, तर वाटणी चुकल्याने चालणारे काम सोडून दिले जाते आणि बुडवणारे काम आनंदाने घेतले जाते. माझ्या भाच्याच्या वर्कशॉपमध्ये हे अगदी होता होता राहिले. तोच दाखला घेऊन बोलतो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण त्याच्या वह्या रविवारी मीच लिहितो, म्हणून आकडे माझ्या हाताखालचे आहेत. समजायला सोपे जावेत म्हणून ते गोल केले आहेत, प्रमाण बदललेले नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या गल्ल्यांमध्ये अशी वर्कशॉप पुष्कळ आहेत. भाच्याकडे दोन कॅपस्टन लेथ, एक साधा लेथ, एक मिलिंग आणि एक स्लॉटिंग मशीन आहे. मुख्य कामे दोन. पहिले म्हणजे पंपाच्या कारखान्याला लागणारे बिडाचे बुश. महिन्याला ४,००० नग, आठवड्याला एक लॉट असे चार लॉट. एका बुशाला मशीनवर सहा मिनिटे लागतात. दुसरे काम गुऱ्हाळाचे. उसाच्या चरकाचे गियर तुटले, दाते झिजले, की शेतकरी तुटका तुकडा पोत्यात घालून घेऊन येतो आणि तसाच नवा करून मागतो. हंगामात महिन्याला असे वीस जॉब येतात. कोणाला एक गियर हवे असते, कोणाला दोन, कोणाला चार. सगळे मिळून चाळीस नग. एका गियरला मशीनचे पाच तास लागतात. म्हणजे बुशांचे ४०० तास आणि गियरचे २००, एकूण ६०० तास. महिन्याचा वरकड खर्च १,८०,००० रुपये.

आता जुनी रीत. १,८०,००० ला ६०० ने भागायचे. तासाला ३०० रुपये. जी वस्तू मशीनवर जितका वेळ राहील तितका वरकड खर्च तिच्या डोक्यावर. बुशाला सहा मिनिटे, म्हणून ३० रुपये. गियरला पाच तास, म्हणून १,५०० रुपये. कोणी मशीनच्या तासांऐवजी कामगाराचे तास धरतात, कोणी मजुरीच्या रुपयांवर टक्के लावतात. तत्त्व एकच : एक दर काढायचा आणि सगळ्यांना तोच लावायचा.

बुशाचा माल ४६ रुपये, मजुरी १० रुपये, आणि वरकड ३०. एकूण ८६. कारखाना देत होता ८२. म्हणजे नगामागे चार रुपये खोट, महिन्याला १६,००० रुपये. गियरचा माल १,५०० रुपये, मजुरी ५००, वरकड १,५००. एकूण ३,५००. विकले जात होते ४,२०० ला. नगामागे ७०० रुपये नफा, महिन्याला २८,०००. दोन्ही मिळून हाती १२,०००. वहीतला नफाही तेवढाच होता, म्हणून हा हिशेब खोटा आहे असे कोणाला वाटायचे कारण नव्हते.

भाचा म्हणाला, “मामू, बुशाचं काम सोडून देतो. दोन टर्नर कमी करतो आणि फक्त गियर घेतो.” कागद पाहिला तर त्याचे म्हणणे बरोबर होते. बुश सोडल्याने सोळा हजारांचे नुकसान थांबेल आणि मोकळ्या झालेल्या ४०० तासांत आणखी ऐंशी गियर होतील. दोन टर्नरांच्या घरातली चूल यावर अवलंबून होती. त्यातला एक माझ्या मेहुण्यांच्या वेळेपासून त्या कॅपस्टनवर उभा आहे.

पण दोन गोष्टी खटकत होत्या. पहिली अशी, की शेजारच्या गल्लीत तसाच बुश ८० रुपयांना देणारा माणूस होता आणि तो बुडत नव्हता. दुसरी अशी, की गियरच्या कामावर कोणी टपून बसलेले नव्हते. उलट बाकीची वर्कशॉप असे गिऱ्हाईक खुशीने आमच्याकडे पाठवत. मोठ्या संख्येच्या साध्या कामात आपला दर कायम वर राहतो, कटकटीच्या कामात मात्र स्पर्धकच नसतो, आणि दर वाढवला तरी गिऱ्हाईक कुरकुर करत नाही, ही खर्चाची वाटणी बिघडल्याची जुनी लक्षणे आहेत. हिशेब उकरायच्या आधी ती नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

हे काही कोल्हापुरातच झाले असे नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात वॉटर्लू इथे जॉन डीअर या ट्रॅक्टरच्या कंपनीचा सुटे भाग बनवणारा विभाग होता. १९८० च्या दशकात त्याला स्पर्धेत दर द्यायची वेळ आली. तेव्हा मोठ्या संख्येने लागणारे भाग हातचे जाऊ लागले आणि थोड्या संख्येचे भाग पदरात पडू लागले, म्हणजे उद्यमनगरसारखेच. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट कॅप्लन यांनी त्यावर अभ्यास लिहिला आणि १९८८ साली रॉबिन कूपर यांच्याबरोबर ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त नव्या रीतीची बाजू मांडली. तिचे नाव अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग. मराठीत तिला कामवार खर्च-आकारणी म्हणता येईल. सगळा वरकड खर्च एका हंड्यात ओतून एकाच पळीने वाढू नये, हे अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च नावाच्या इंग्रज जाणकाराने १९०१ मध्येच लिहून ठेवले होते. पण तेव्हा कारखान्यात मजुरीचा खर्च मोठा आणि वरकड त्या मानाने कमी, त्यामुळे ढोबळ वाटणीने भागत असे. पुढे यंत्रे वाढली, वस्तूंचे प्रकार वाढले, मजुरी घटत गेली आणि वरकड फुगत गेला. वाटण्याची पळी मात्र तीच राहिली.

नवी रीत विचारते, हा पैसा कोणत्या कामावर गेला? आणि ते काम कोणामुळे करावे लागले? प्रश्न हे दोनच. उत्तरे मात्र वहीत सापडत नाहीत, शॉपमध्ये उभे राहून काढावी लागतात.

आमच्या गल्लीत एक कॉस्ट अकाउंटंट राहतात. त्यांनी पहिल्यांदा मिस्त्रीला गाठले. मिस्त्रीचा पगार ४०,००० आणि कामाचे तास महिन्याला २००. त्यांनी विचारले, तुमचा दिवस कशात जातो? मिस्त्री म्हणाला, “सेटिंगमध्ये.” तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मशीनला पाटी टांगली आणि महिनाभर खडूने वेळ लिहायला लावली. महिन्याअखेर निघाले ते असे : सेटिंगला १२० तास, मापे तपासण्यात ४०, आणि गिऱ्हाइकाने आणलेल्या तुटक्या नमुन्यावरून मापे घेऊन कागदावर आकृती काढण्यात ४०. त्याच प्रमाणात पगाराचे २४,०००, ८,००० आणि ८,००० असे तीन वाटे झाले. मदतनिसाचा पगार, ट्रायलमध्ये वाया गेलेले तुकडे, मोडलेली टूल्स हे सारे सेटिंगच्या खात्यात गेले. असे करत १,८०,००० रुपयांची चार कामे झाली : मशीन चालवणे ७२,०००, सेटिंग ४८,०००, तपासणी २४,००० आणि ऑर्डर सांभाळणे ३६,०००. चारच. वीस करता आली असती, पण छोट्या शॉपमध्ये ती लिहीत बसायला माणूस कुठून आणायचा? आणि ज्या कामाचा वाटा दोन्ही वस्तूंवर एकाच प्रमाणात पडतो, ते वेगळे काढून हाती काही लागत नाही.

आता प्रत्येक कामाला त्याचे कारण शोधायचे. मशीन चालवण्याच्या खर्चाचे कारण मशीनचे तास हेच. ७२,००० भागिले ६००, म्हणजे तासाला १२० रुपये. इथे जुनी रीतही चुकत नव्हती. बुशांवर ४८,०००, गियरवर २४,०००.

खरी गंमत सेटिंगमध्ये आहे. वाचकांपैकी ज्यांनी वर्कशॉप पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीन एका वस्तूवरून दुसरीकडे वळवायचे म्हणजे जॉ बदलायचे, टूल बांधायचे, उंची जुळवायची, एक तुकडा काढून मापायचा, पुन्हा जुळवायचे, पुन्हा काढायचा. हे सारे झाले की मग काम सुरू. बुशाचा लॉट लागला की कॅपस्टन एकदा बांधायचा आणि हजार नग काढायचे. गियरचे तसे नाही. आधी लेथवर ब्लँक फिरवायचा, मग मिलिंगवर इंडेक्सिंग हेड लावून दाते पाडायचे, मग स्लॉटिंगवर चावीची खाच काढायची. तीन मशीन, तीन सेटिंग, आणि तीसुद्धा एक-दोन नगांसाठी. वीस जॉबची साठ सेटिंग झाली. बुशांची चार.

इथे घाईने ४८,००० ला ६४ ने भागले असते तर प्रत्येक सेटिंगला ७५० रुपये आले असते आणि बुशांवर फक्त ३,००० पडले असते. पण पाटीवरचा खडू वेगळे सांगत होता. कॅपस्टन बांधायला जवळजवळ पूर्ण पाळी, म्हणजे साडेसात तास लागतात. गियरचे एक सेटिंग सरासरी दीड तासात उरकते. म्हणून नुसती संख्या मोजून चालत नाही, वेळ मोजावा लागतो. बुशांचे तीस तास, गियरचे नव्वद, एकूण १२०. तासाला ४०० रुपये. बुशांवर १२,०००, गियरवर ३६,०००. संख्येने मोजले असते तर बुशावरचा बोजा चौपट कमी दिसला असता. नवी रीत लावली म्हणजे हिशेब आपोआप खरा होतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कारण चुकीचे निवडले तर नवी रीतही जुनीइतकीच फसवते, आणि वर तिला शास्त्राचा रुबाब असतो.

तपासणीत उलटे निघाले. बुशाला कमी तपासणी लागत असेल असे सर्वांना वाटत होते, कारण प्लग गेज घातला की झाले. पण पंपाचा कारखाना प्रत्येक लॉटबरोबर मापांचा तक्ता मागतो. त्याचे लिहिणे धरून महिन्याला चाळीस तास जातात. गियर नगामागे अर्धा तास, म्हणजे वीस तास. २४,००० भागिले साठ, पुन्हा तासाला ४००. बुशांवर १६,०००, गियरवर ८,०००. उरले ऑर्डर सांभाळणे. बुशांच्या चार आणि गियरच्या वीस, अशा चोवीस ऑर्डर. नमुना घेणे, माल शोधणे, फोन, चालान, बिल, वसुली मिळून ऑर्डरमागे १,५००. बुशांवर ६,०००, गियरवर ३०,०००.

बेरीज केली. बुशांच्या वाट्याला ८२,०००, नगाला साडेवीस रुपये. गियरच्या वाट्याला ९८,०००, नगाला २,४५० रुपये. जुन्या हिशेबात हेच आकडे ३० आणि १,५०० होते. म्हणजे बुशाचा खरा खर्च ७६.५० आणि तो ८२ ला विकला जात होता. नगामागे साडेपाच रुपये, महिन्याला २२,००० नफा. गियरचा खर्च ४,४५० आणि विक्री ४,२००. नगामागे अडीचशे रुपये खोट, महिन्याला १०,०००. हाती पुन्हा तेच १२,०००. एकूण नफा एका पैशाने बदलला नाही. कमावणारा कोण आणि खाणारा कोण, एवढेच बदलले.

आता भाच्याचा बेत पुन्हा पाहू. बुश सोडून आणखी ऐंशी गियर घेतली असती, तर सेटिंगचे आणखी १८० तास लागले असते. आधीचे नव्वद धरून २७०. मिस्त्रीचे महिन्याचे सगळे तासच मुळात २००, आणि त्यात तपासणी आणि नमुने वेगळे. म्हणजे दुसरा मिस्त्री ठेवावा लागला असता. मशीन मोकळी होती हे खरे, पण मशीन बांधणारा माणूस मोकळा नव्हता, आणि मशीनचे तास मोजणाऱ्या जुन्या हिशेबात ते दिसण्याची सोयच नव्हती. नवा मिस्त्री आला की वरकड वाढणार, तो पुन्हा तासांवर वाटला जाणार. नफा का घटतो आहे हे तेव्हाही कळले नसते.

मग गियर बंद करायचे का? भाच्याचा दुसरा प्रश्न हाच होता. मला वाटते, नव्या रीतीचा सर्वांत मोठा गैरवापर इथेच होतो. गियरच्या नावावर ९८,००० लिहिले याचा अर्थ गियर थांबवले की ९८,००० वाचतील, असा नव्हे. मिस्त्रीचा पगार अर्धा होत नाही. शेडचे भाडे तेवढेच राहते. गियरमधून महिन्याला १,६८,००० येतात, त्यातून माल आणि मजुरीचे ८०,००० गेले की ८८,००० उरतात. हे ८८,००० जातील ते उद्यापासून. वरकड खर्च मात्र कमी झाला तर सावकाश होईल, आणि तोही कोणीतरी मन घट्ट करून माणूस कमी केला तरच. कामवार हिशेब सांगतो तो कोण किती वापरतो हे. काय वाचेल हा वेगळा हिशेब आहे आणि तो प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो.

त्यापेक्षा उपयोगी पडली ती दुसरीच गोष्ट. गियरच्या खर्चाचे दोन तुकडे करून पाहिले. काही खर्च नगाबरोबर वाढतो : माल, मजुरी, मशीनचे पाच तास, अर्धा तास तपासणी. हे झाले २,८०० रुपये. काही खर्च जॉब घेतला की एकदाच येतो, मग नग एक असो की चार. तीन सेटिंगचे १,८०० आणि ऑर्डरचे १,५००, म्हणजे ३,३००. आता एकच गियर हवे असलेल्या शेतकऱ्याला पडणारा खर्च ६,१००. दोन हवी असतील तर नगाला ४,४५०, म्हणजे आपली सरासरी. चार घेतली तर नगाला ३,६२५. आम्ही तिघांनाही ४,२०० च लावत होतो. एकटे गियर नेणारा आमचे १,९०० रुपये घेऊन जात होता आणि चार नेणारा नगामागे ५७५ देऊन जात होता. ‘गियर तोट्यात’ हे वाक्यही म्हणजे अर्धवटच होते. तोट्यात होता तो एकेरी जॉब.

त्यामुळे दरपत्रक बदलले. आता जॉबचा आकार वेगळा आणि नगाचा दर वेगळा. भाच्याला धाक होता की गिऱ्हाईक पळेल. काही पळालेही, विशेषतः सवडीने काम करून घेणारे. पण ज्याची काहील चुलाणावर आहे, ऊस तोडून पडला आहे आणि चरक बंद आहे, तो माणूस गियर आज मिळेल का एवढेच विचारतो. हिशेबाने खर्च कळतो. भाव ठरतो तो गिऱ्हाइकाच्या गरजेने आणि शेजारच्या दुकानाने. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. नेहमी लागणाऱ्या दोन मापांची गियर पावसाळ्यात एकदमच सहा-सहा करून ठेवायचीही सुरुवात झाली, कारण सेटिंग तेवढ्यावर एकदाच लागते. त्यात पैसा अडकतो, पण हंगामाच्या तोंडावर मोकळाही होतो.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. गुऱ्हाळे बंद असतात तेव्हा गियरचे जॉब वीसवरून आठवर येतात. सेटिंगचे तास १२० चे ६६ होतात, खर्च मात्र साधारण ४८,००० च राहतो, कारण पगार चालूच असतात. आता ४८,००० ला ६६ ने भागले तर तासाला सातशेच्या वर दर येतो. म्हणजे ज्या महिन्यात काम नाही त्याच महिन्यात गियर महाग झालेले दिसते. तो दर गिऱ्हाइकाला लावला की आहेत ते जॉबही जातात, आणि पुढच्या महिन्याचा दर आणखी चढतो. कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये यावर सोपा तोडगा मांडला. दर काढताना प्रत्यक्ष झालेल्या कामाने भागू नये, भरल्या हंगामात नीट पेलवेल एवढ्या कामाने भागावे. आमचा दर म्हणून वर्षभर ४०० च. पावसाळ्यात ६६ तासांचे २६,४०० वस्तूंवर जातात आणि उरलेले २१,६०० ‘रिकामा वेळ’ म्हणून वेगळे लिहिले जातात. ते कोणत्याच गियरचा दोष नाहीत. ती मालकाची डोकेदुखी आहे आणि ती मालकाला दिसलीच पाहिजे.

हा सारा हिशेब आतल्या निर्णयासाठी आहे, हेही सांगायला हवे. ताळेबंदात शिल्लक मालाची किंमत लावताना लेखा-मानकांचे नियम पाळावे लागतात. ऑर्डर मिळवण्याचा, विक्रीचा खर्च तिथे मालाच्या किमतीत धरता येत नाही. सी.ए.कडे जाणारी वही आमच्याकडे पहिल्यासारखीच आहे. खडूची पाटीही वर्षभर टांगलेली नसते. हंगामात पंधरा दिवस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस लिहिली की पुरते. रोज लिहायला लावली तर माणसे वेळ अंदाजाने भरतात, आणि दहा जणांचे तास बेरजेला बरोबर दोनशेच येऊ लागले की समजावे, पाटी आता खोटी बोलते आहे.

जिथे एकाच जातीचा माल निघतो, नुसते बुशच किंवा नुसते बोल्टच, तिथे या उठाठेवीची गरज नाही. जुन्या एका दराने काम भागते, आणि ज्याला नुसता एक हंडा पुरतो त्याने चार चुली मांडू नयेत.

गेल्या महिन्यात पंपाच्या कारखान्याने बुशाचा दर ८० करायला सांगितले. पूर्वीच्या कागदावर तो सहा रुपयांचा तोटा दिसला असता आणि टर्नरांना नोटीस गेली असती. भाच्याने उत्तर दिले, की ८० ला देतो, पण दर आठवड्याला हजारऐवजी पंधरवड्याला दोन हजार घ्या. कॅपस्टन महिन्यात चारऐवजी दोनदा बांधला की सेटिंगचे पंधरा तास मोकळे होतात, बुशामागे दीड रुपया हलका होतो, आणि त्या पंधरा तासांत मिस्त्री गियरची दहा सेटिंग करू शकतो. कारखान्याच्या गोदामात जागा आहे का, ते पाहून ते कळवणार आहेत. दोघे टर्नर अजून कॅपस्टनवरच आहेत.